‘सिरियल’च्या पहिल्या भागाला किती गुण?

पॉडकास्टच्या भागाला गुण द्यायचे तर तो दोनदा ऐकावा, एकदा हेडफोन लावून आणि एकदा मोबाइलच्या स्पीकरवर. २०१४ साली गाजलेल्या ‘सिरियल’ या अमेरिकी मालिकेचा पहिला भाग असा ऐकून पाहण्यासारखा आहे.

मांडणीला पैकीच्या पैकी. विषय १९९९ मध्ये बाल्टिमोरला झालेल्या एका शाळकरी मुलीच्या खुनाचा. पण निवेदिका सारा केनिग सुरुवातीलाच काही तरुण मुलांना काही आठवड्यांपूर्वीच्या एका दिवशी कुठे होतात, ते विचारते. मुलं अडखळतात. आरोपीला तो दिवस नीट आठवत नाही याचा अर्थ काय लावायचा, हा पेच ऐकणाऱ्याला तिथेच कळतो.

केनिग लिहिलेलं वाचते, तरी ऐकताना ती समोर बसून बोलतेय असंच वाटतं. वाक्यं छोटी, शंकाही उघड.

ध्वनीचे गुण देताना मात्र घाई नको. आरोपीचा आवाज तुरुंगातल्या फोनवरून येतो. साधा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पलीकडचे सूर गाळतो, म्हणून तो पातळ लागतो. पण शब्द न् शब्द कळतो, तेव्हा गुण कापायचं कारण नाही. कापावेत ते खोलीच्या घुमाऱ्यासाठी, किंवा एकाचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा बारीक असल्याने हात सारखा व्हॉल्यूमकडे जात असेल तर.

श्रोत्याच्या पदरात पडतं ते स्मृतीचं कच्चेपण. इथे एक गुण कमी: जिचा जीव गेला, ती मुलगी आरोपीपेक्षा खूपच कमी उलगडते.