'क्वाइट गुड' म्हणजे नक्की किती गुड?

लंडनच्या साहेबाने तुमचा अहवाल वाचून 'क्वाइट गुड' एवढाच शेरा पाठवला, तर पेढे वाटायची घाई करू नका. 'बरा आहे, पण आणखी चांगला होऊ शकला असता' असं त्याला म्हणायचं असण्याची शक्यता बरीच आहे. हेच दोन शब्द न्यूयॉर्कहून आले असते, तर ती बहुधा मनापासून केलेली स्तुती ठरली असती. क्वाइट, रादर, फेअरली आणि प्रिटी या चारही शब्दांची हीच गत आहे. शब्दकोशात चौघांपुढे 'बऱ्यापैकी' असा अर्थ सापडतो, पण हे 'बऱ्यापैकी' किती, ते शेजारचा शब्द आणि बोलणाऱ्याचा सूर ठरवतो.

सर्वांत जास्त फसवतो तो क्वाइट. त्याचा जुना अर्थ 'पूर्णपणे'. 'बऱ्यापैकी' हा अर्थ पुढे आला आणि आज दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. कुठे कोणता घ्यायचा, हे पुढच्या विशेषणावरून कळतं. दमणं कमीजास्त असू शकतं, म्हणून ब्रिटिश माणसाचं 'क्वाइट टायर्ड' म्हणजे बऱ्यापैकी दमलेला. 'एक्झॉस्टेड'मध्ये मात्र दमण्याची हद्द झालेली असते, म्हणून 'क्वाइट एक्झॉस्टेड' म्हणजे पार गळून गेलेला. ओळखायची युक्ती सोपी आहे. विशेषणाआधी 'व्हेरी' लावून पाहा. 'व्हेरी टायर्ड' चालतं. 'व्हेरी इम्पॉसिबल' कानाला खटकतं, तिथे 'कम्प्लीटली' शोभतं. जिथे 'कम्प्लीटली' शोभतं, तिथे क्वाइट म्हणजे पूर्णपणे. 'डिफरंट'सारखे काही शब्द दोन्हीकडे बसतात. 'क्वाइट डिफरंट' म्हणजे मात्र बहुतेक वेळा अगदीच वेगळं.

त्यात सुराची भर पडते. सिनेमा कसा होता, असं विचारल्यावर ब्रिटिश माणूस 'क्वाइट'वर जोर देऊन, आवाज खाली नेऊन शेवटी किंचित वर उचलत 'क्वाइट गुड' म्हणाला, तर पुढे 'पण' येणार हे समजावं. जोर 'गुड'वर पडला, तर सिनेमा त्याला आवडलाय. ईमेलमध्ये हा सूर गळून पडतो आणि तिथेच गैरसमज होतो.

फेअरली आणि रादर यांच्यातला फरक प्रमाणापेक्षा पसंतीचा आहे. खोली 'फेअरली वॉर्म' आहे म्हटलं, तर ऊब हवीशी आहे. तीच खोली 'रादर वॉर्म' असेल, तर कुणीतरी खिडकी उघडावी अशी बोलणाऱ्याची इच्छा आहे. आपण 'चहा जरा गोड झालाय' म्हणतो, तेव्हा त्या 'जरा'त जी तक्रार असते, तीच या रादरमध्ये असते. म्हणूनच 'रादर टू लाँग' म्हणता येतं, 'फेअरली टू लाँग' म्हणता येत नाही. पण रादर चांगल्या गुणाला चिकटला की तक्रार जाते आणि आश्चर्य येतं. 'रादर गुड' म्हणजे वाटलं होतं त्यापेक्षा सरस. याउलट 'फेअरली गुड' ही बेताची पसंती. तिच्यात उत्साह शोधू नये.

प्रिटी हा घरगुती, गप्पांतला शब्द. त्याचं वजन फेअरलीपेक्षा थोडं जास्त, व्हेरीपेक्षा कमी. अमेरिकेत तो सर्रास चालतो. औपचारिक पत्रात तो टाळलेला बरा. त्याचंही वजन आवाजावर हलतं: उत्साहाने म्हटलेलं 'प्रिटी गुड' म्हणजे छानच, खांदे उडवून म्हटलेलं म्हणजे चाललंय.

आता हे चौघे 'शुअर' या एकाच शब्दापुढे लावून पाहा. पैसे खात्यात जमा झाले का, या प्रश्नाला 'फेअरली शुअर' किंवा 'प्रिटी शुअर' असं उत्तर आलं, तर खातं एकदा तपासा. समोरच्याने शंकेला जागा ठेवली आहे. नुसतं 'शुअर' त्याहून पक्कं असतं, म्हणजे इथे प्रिटीने जोर वाढवण्याऐवजी कमी केला. 'क्वाइट शुअर' म्हणजे पूर्ण खात्री. 'नॉट क्वाइट शुअर' म्हणजे पूर्ण खात्री नाही. आणि 'रादर शुअर' असं सहसा कुणी म्हणतच नाही.

तेव्हा परदेशी सहकाऱ्याचं काम खरंच आवडलं असेल, तर लिहिताना या चौघांच्या वाटेला जाऊ नका. सरळ 'व्हेरी गुड' लिहा आणि नेमकं काय आवडलं तेही सांगा. तुम्हालाच 'क्वाइट गुड' आलं, तर काय सुधारायचं ते विचारून घ्या.