किल्ली कुणाच्या हातात, फोटो कुणाकडे?

टेम्पो भरला, किल्ली वॉचमनकडे ठेवली आणि भाडेकरू निघाला. पुण्या-मुंबईत दर महिन्याला हेच होते. मग आठवड्याभराने घरमालकाचा फोन येतो: किचनची टाइल फुटलीय, हॉलच्या भिंतीला भोकं आहेत, डिपॉझिटमधून कापावं लागेल. टाइल आधीच फुटलेली होती, हे तेव्हा सिद्ध करणार कसे?

म्हणून घर रिकामे झाल्यावर, पण वीज चालू असताना आणि दिवसाउजेडी, दोघांनी मिळून फेरी मारावी. सामान असताना कपाटामागची ओल दिसत नाही आणि वीज नसेल तर गीझर चालतो की नाही हे कळत नाही. फोटो काढताना आधी दारातून अख्खी खोली टिपावी, मग त्याच खोलीतला डाग किंवा तडा जवळून. नुसता जवळून काढलेला डाग कुठल्याही घरातला असू शकतो. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले की त्यातली मूळ तारीख-वेळ निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर ती टिकते.

समजा, डिपॉझिट ६०,००० रुपये आहे. राहायला येतानाच्या फोटोत टाइलचा तडा दिसतो, म्हणून तो खर्च भाडेकरूचा नाही. तीन वर्षांत रंग फिका पडला, तोही वापराचा भाग. टीव्हीच्या ब्रॅकेटची चार भोकं मात्र त्याचीच. पुट्टी आणि टचअपचे २,००० रुपये ठरले. मीटरवर ४७००, शेवटच्या बिलावर ४६१२. उरलेल्या ८८ युनिटांपोटी अंदाजे १,००० रुपये बाजूला ठेवले. परत मिळायचे ५७,०००. बिल यायचे आहे म्हणून सगळेच डिपॉझिट अडकवून ठेवणे ही निव्वळ अडवणूक.

हे सगळे एका कागदावर उतरवावे: तारीख, वेळ, मीटर रीडिंग, किती चाव्या दिल्या (लेटरबॉक्सची आणि पार्किंगची धरून), कपात किती आणि बाकी कधी मिळणार. खाली दोघांच्या सह्या. मालक परदेशी असेल तर त्याने कुणाला पाठवले आहे, हे त्याच्याकडून आधीच मेलवर घ्यावे.

‘पैसे द्या, मगच चाव्या’ असा हट्ट मोहक वाटतो, पण महागात पडू शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार राहण्यासाठीच्या लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही ताबा न दिल्यास शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. त्यामुळे मालक पैशांवरून टाळाटाळ करत असला, तरी मुदतीच्या दिवशी चाव्या द्याव्यात, पोच लिहून घ्यावी आणि डिपॉझिटची मागणी त्याच दिवशी लेखी पाठवावी.