ब्लाउज रंगवा, टिकल्यांना कळू न देता

माझ्या नणंदेने एकदा फिकट पडलेला टिकल्यांचा ब्लाउज घरीच रंगवायला घेतला. रंगाच्या पाकिटावर उकळत्या पाण्यात टाका असं लिहिलं होतं, म्हणून तिने पातेलं गॅसवर ठेवलं. अर्ध्या तासाने ब्लाउज बाहेर आला तेव्हा कापड झकास रंगलं होतं, पण प्रत्येक टिकली चिमुकल्या वाटीसारखी वळली होती. चकाकी गेली ती गेलीच, वर त्या वळलेल्या कडा अंगाला टोचायला लागल्या.

टिकल्या प्लास्टिकच्या असतात आणि साधारण ७०-८० अंशांच्या पुढे त्यातल्या बऱ्याचशा मऊ पडतात. त्यामुळे टिकल्यांचा ब्लाउज गरम पाण्यात रंगवायचाच नाही. टिकल्यांवर मेण लावा, चिकटपट्टी लावा, असे सल्लेही मिळतात. शे-दीडशे टिकल्यांना पट्टी लावून पाहिलीत तर आपणच तो नाद सोडाल. त्याहून सोपी वाट म्हणजे असा रंग निवडायचा, जो कापडाला धरतो आणि टिकली-दोऱ्याला धरतच नाही.

असा रंग आहे. त्याला रिअ‍ॅक्टिव्ह रंग म्हणतात, म्हणजे सुताच्या धाग्याशी रासायनिक गाठ बांधणारा रंग. १९५६ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने हे रंग पहिल्यांदा बाजारात आणले. त्यातला थंड पाण्यात चालणारा प्रकार आपल्याकडे ‘कोल्ड ब्रँड’ नावाने मागतात. सुती कापडाशी तो गाठ बांधतो. पॉलिस्टरशी आणि टिकलीच्या प्लास्टिकशी त्याचं जमत नाही. तिथे तो नुसता बसतो आणि धुतला की निघून जातो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या ब्लाउजमध्ये काय काय आहे ते ओळखणं. कापडाचा एक धागा शिवणीच्या आतून काढा आणि भरतकामाचा एक धागा मागच्या गाठीतून. चिमट्यात धरून, सिंकपाशी उभं राहून, एकेक जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आधी वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो.

कापड सुती आणि भरतकामाचा दोरा पॉलिस्टरचा निघाला तर गंगेत घोडं न्हालं, कारण कापड रंगेल आणि फुलं-पानं होती त्याच रंगाची राहतील. दोराही कागदासारखा जळला तर तो सुती किंवा रेयॉनचा आहे. असा दोरा कापडाबरोबर रंगतो, पांढरी फुलं लाल होतात आणि नक्षी कापडात बुडून जाते. तो ब्लाउज रंगवू नका असंच मी सांगेन. मशीनवरच्या भरतकामात रेयॉनही पुष्कळ वापरतात आणि पॉलिस्टरही, म्हणून दुकानदाराच्या शब्दापेक्षा काडेपेटीवर विश्वास ठेवा.

कापड पॉलिस्टर जॉर्जेटचं असेल तर हा रंग धरणार नाही. रेशमाच्या नेहमीच्या रंगांना जवळजवळ उकळतं पाणी लागतं, म्हणजे टिकल्यांची पुन्हा तीच गत. जरदोशी असेल, किंवा तांब्या-चांदीच्या तारेची जर असेल, तर मिठाच्या पाण्यात ती काळवंडते. गोंदाने चिकटवलेले खडे भिजून सुटतात. हे सगळे ब्लाउज बाजूला ठेवा.

आता एक चाचणी, जी जवळजवळ सगळे टाळतात. टिकलीची चमक बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थरामुळे येते आणि आपल्या रंगाला जो धुण्याचा सोडा लागतो, तो ॲल्युमिनियम खातो. टिकलीवरचं लाखेसारखं आवरण चांगलं असेल तर ती टिकते, हलकं असेल तर नाही. काखेजवळची एक टिकली कापून घ्या. वाटीभर पाण्यात सपाट पाव चमचा धुण्याचा सोडा विरघळवून ती तासभर बुडवून ठेवा. मग उजेडात धरा. कड पारदर्शक दिसली किंवा सोनेरी रंग बोटाला लागला, तर थांबा. माझ्याकडचा एक ब्लाउज इथेच नापास झाला. एका टिकलीवर भागलं, नाहीतर सगळ्या गेल्या असत्या.

पुढचा प्रश्न कोणता रंग येईल हा. रंग असलेल्या रंगात मिसळतो, त्याला पुसत नाही. म्हणून गडदाचं फिकट होत नाही, आणि निळ्याचं पिवळं तर नाहीच. मी नुकताच रंगवलेला ब्लाउज हळदी पिवळा होता. त्यावर मरून पॉलिस्टरची वेलबुट्टी आणि सोनेरी टिकल्या. मला कुंकवासारखा लाल हवा होता, पण मी लाल रंग आणलाच नाही. राणी रंग आणला. पिवळ्यावर राणी चढला की लाल होतो. लालच आणला असता तर तो शेंदराकडे झुकला असता. बाहीच्या आत दाबलेल्या कापडाचा बोटभर तुकडा कापून वाटीत रंगवून बघा आणि पूर्ण वाळल्यावरच ठरवा. ओलं कापड नेहमीच जास्त गडद दिसतं.

ब्लाउज वजन करून घ्या. माझा दीडशे ग्रॅम भरला. पण त्यात टिकल्या, दोरा आणि हूकही आले, म्हणून कापड सव्वाशेच्या आत धरलं. मध्यम-गडद छटेला कापडाच्या वजनाच्या शेकडा अडीच इतका रंग लागतो, म्हणजे तीन ग्रॅम. साधारण एक सपाट छोटा चमचा. शिवाय तीन लिटर पाणी, दीडशे ग्रॅम साधं मीठ आणि तीस ग्रॅम धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा चालत नाही. थंड पाण्यात तो रंगाला धाग्याशी बांधण्याइतका तीव्र नसतो आणि मग सगळा रंग धुण्यात वाहून जातो. घरी रंगवणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक.

लोखंडी हूक काढून टाका, मिठाच्या पाण्यात ते गंजून डाग पाडतात. मग ब्लाउज उलटा करून कोमट पाण्यात थोड्या सौम्य साबणात पाव तास भिजवा आणि धुऊन घ्या. काखेत घाम, डिओडरंट, पावडर यांचा जो थर बसलेला असतो, तिथे रंग धरत नाही आणि नंतर तो भाग नकाशासारखा उठून दिसतो. धुतल्यावर वाळवू नका. ओल्या कापडात रंग सारखा शिरतो.

हातमोजे घाला, नाक-तोंड रुमालाने बांधा, कारण या रंगाची पूड श्वासात जाऊ देऊ नये. प्लास्टिकची बादली किंवा स्टीलचं घमेलं घ्या, पण स्वयंपाकात परत न वापरायचं. ॲल्युमिनियमचं भांडं नको, कारण वर सांगितलंच. रंग आधी अर्धी वाटी कोमट पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मग तीन लिटर पाण्यात मीठ विरघळवून त्यात गाळून ओता. पाणी हाताला किंचित कोमट लागेल एवढंच हवं.

ब्लाउज उलटाच ठेवून पाण्यात सोडा आणि वीस मिनिटं हळूहळू फिरवत राहा. पिळायचं नाही, चोळायचं नाही. नुसता उचलायचा आणि पुन्हा सोडायचा. टिकलीच्या मागे हवेचा बुडबुडा अडकतो, तिथे रंग पोहोचत नाही. पुढे टिकली जरा सरकली की खालून पिवळा ठिपका डोकावतो. उचल-सोड करताना मागच्या बाजूने बोट फिरवलंत तर ते बुडबुडे सुटतात. दाट भरतकामाच्या कडेलाही हेच करा, कारण नक्षी रेखीव दिसते ती त्या कडेवर.

मग ब्लाउज बाहेर काढा. मगभर कोमट पाण्यात वेगळा विरघळवलेला सोडा दोन-तीन हप्त्यांत बादलीत घाला, ढवळा आणि ब्लाउज परत सोडा. सोडा थेट कापडावर पडला तर तिथे गडद डाग बसतो. आता पाऊण तास, अधूनमधून उचल-सोड. सुती कापडाला मी एरवी तासभर देते. टिकल्या असल्या की पाऊण तासाच्या पुढे जात नाही, त्या सोड्यात जितक्या कमी वेळ राहतील तितकं बरं.

बाहेर काढलेला ब्लाउज पाहून घाबरू नका. मरून फुलं लालसर माखलेली दिसतील, टिकल्यांवर गुलाबी पडदा चढलेला असेल. तो न धरलेला रंग आहे. चार-पाच वेळा गार पाण्यात खळबळा. साध्या सुती कापडाला शेवटी कडक गरम साबणपाण्याने धुतात, ते इथे करता येत नाही. त्याऐवजी हाताला सोसेल इतक्याच गरम पाण्यात थोडा साबण घालून अर्धा तास ठेवा, पाणी टाका, आणि मग रात्रभर स्वच्छ गार पाण्यात भिजत ठेवा. सकाळी पाणी गुलाबी दिसलं तर पुन्हा एकदा. माझ्या ब्लाउजला दोन रात्री लागल्या.

पांढरा ओला रुमाल काखेपाशी आणि एका दाट फुलावर घट्ट दाबून बघा. रुमाल स्वच्छ राहिला तरच ब्लाउज घालायचा. टिकल्यांमागे लपलेला रंग घामाबरोबर सुटतो आणि नेमका फिकट साडीच्या पदराला लागतो.

पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. सुती कापड किंचित आटतं, पॉलिस्टरचा दोरा आटत नाही, म्हणून नक्षीभोवती सुरकुत्या पडतात. ब्लाउज दमट असतानाच जाड टॉवेलवर पालथा घाला, वरून ओलसर मलमल टाका आणि मंद इस्त्री नुसती दाबून उचला. घासायची नाही. वाफेची इस्त्री तर कपाटातच राहू दे, वाफेने टिकल्या वळतात.

राहता राहिली शिवण. माझ्या ब्लाउजचं कापड कुंकवासारखं लाल झालं, फुलं मरून राहिली, टिकल्या सोनेरी. पण गळ्याच्या कडेची टीप मात्र होती तशी हळदी पिवळी, कारण शिंप्याचा दोराही पॉलिस्टरचाच. ती उसवून घ्यायला आमच्या शिंप्याकडे गेले, तर त्याने ब्लाउज उजेडात धरला आणि म्हणाला, “ताई, राहू द्या की, टिकल्यांना जुळतंय.” मग नुसते नवे हूक तेवढे लावून आणले.