रेटिनॉल, रेटिनाल की ट्रेटिनॉइन: पहिल्या वर्षाचा हिशेब

एका बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं ‘रेटिनॉल १ टक्का’. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ट्रेटिनॉइनच्या लहानशा ट्यूबवर आकडा असतो ०.०२५ टक्के. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कुणालाही वाटेल, बाटलीतला माल ट्यूबच्या चाळीसपट जोरकस आहे. प्रत्यक्षात चेहऱ्यावर जास्त काम करते ती ट्यूब, आणि जास्त त्रास देते तीही ट्यूबच.

याचं कारण असं, की त्वचेच्या पेशींवर खरा परिणाम घडवतं ते रेटिनॉइक आम्ल. ट्रेटिनॉइन म्हणजे तेच आम्ल, अगदी तयार स्वरूपात. रेटिनॉलचं आधी रेटिनाल्डिहाइड व्हावं लागतं आणि मग त्याचं आम्ल. पुण्याहून मुंबईला निघावं तसं आहे हे: रेटिनॉल पुण्याला गाडीत बसतं, रेटिनाल्डिहाइड लोणावळ्याला, आणि ट्रेटिनॉइन आधीच मुंबईत पोचलेलं असतं. शिवाय पहिला टप्पा उलटाही फिरतो. बरंचसं रेटिनॉल वाटेतच साठवणीच्या रूपात मुरतं, आणि लावलेल्यापैकी थोड्याच भागाचं शेवटी आम्ल होतं. म्हणून एका पदार्थाची टक्केवारी दुसऱ्याच्या टक्केवारीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

ट्रेटिनॉइनची कथा सुरू झाली ती मुरमांपासून. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मुरमांवरचा त्याचा उपयोग मांडला. १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पुढे उन्हाने रापलेल्या, सुरकुतलेल्या त्वचेतही फरक पडतो असं दिसू लागलं आणि १९८६ मध्ये तसा शोधनिबंध आला. (क्लिगमन यांनी तुरुंगातल्या कैद्यांवर केलेले प्रयोग हा त्यांच्या नावावरचा काळा डाग, तोही सांगितला पाहिजे.)

पहिल्या वर्षासाठी मात्र सर्वांत उपयोगी अभ्यास १९९५ चा आहे. त्यात ९९ जणांना ४८ आठवडे ०.१ टक्का ट्रेटिनॉइन, ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन किंवा औषध नसलेलं नुसतं क्रीम दिलं होतं. वर्षअखेरीस दोन्ही ताकदींनी उन्हाने झालेलं नुकसान जवळपास सारखंच सुधारलं होतं. लाली आणि पापुद्रे मात्र चौपट ताकदीच्या क्रीमने बरेच जास्त दिले होते. म्हणजे सुरकुत्यांसाठी कमी ताकदीचं औषध वर्षभर नेमाने लावणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. तरीही लोक तिसऱ्या महिन्यातच ‘आता पुढची ताकद’ म्हणून निघतात.

रेटिनाल्डिहाइड, म्हणजे लेबलवरचं ‘रेटिनाल’, या दोघांच्या मधलं. फ्रान्समध्ये १२५ जणांवर झालेल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ०.०५ टक्के रेटिनाल आणि तेवढंच ट्रेटिनॉइन यांची तुलना केली होती. अठरा आठवड्यांनी सुरकुत्या आणि खडबडीतपणा दोन्हींत कमी झाला. पण ट्रेटिनॉइनवाल्यांची त्वचा जास्त चुरचुरली आणि त्यामुळे त्यांचं क्रीम लावणं मागे पडलं. रेटिनालचा पुरावा ट्रेटिनॉइनइतका भरघोस नाही, हेही खरं. शिवाय ते महाग असतं.

मग निवड कशावर करायची? मुरमं चालू असतील तर ट्रेटिनॉइन किंवा त्याच कुळातलं दुसरं औषध, तेही त्वचारोगतज्ज्ञांकडून लिहून घेऊन. मुरमं नाहीत, फक्त बारीक रेषा आणि निस्तेजपणा आहे, आणि त्वचा साधारण सोसणारी आहे, तर रेटिनाल चांगलं. त्वचा साध्या फेसवॉशनेही ओढल्यासारखी होत असेल तर ०.१ ते ०.३ टक्के रेटिनॉल. रेटिनॉल हवा-उजेडात खराब होतं, म्हणून घट्ट बंद होणारी ट्यूब किंवा पंप घ्यावा. उघड्या तोंडाची बरणी नको.

आता एक उदाहरण धरू. नाशिकची पस्तिशीतली शिक्षिका, रंग गव्हाळ, पाळीच्या आधी हनुवटीवर मुरमं, ती गेली तरी महिनोन्‌महिने राहणारे काळपट डाग. डॉक्टर तिला ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन देतात. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, आधी मॉइश्चरायझर लावायचं, मग सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं औषध. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडून द्यायच्या. सोसलं तर हळूहळू एक दिवसाआड. सकाळी सनस्क्रीन, न चुकता.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हनुवटीवर पुरळ वाढतं आणि ती घाबरते. आत दबलेली मुरमं लवकर वर येतात, म्हणून असं होऊ शकतं. नेहमीच्याच जागी आलं आणि काही आठवड्यांत ओसरलं, तर थांबायचं कारण नाही. बारीक पापुद्रे, थोडा कोरडेपणा हेही चालतं. पण साधं मॉइश्चरायझर लावल्यावरच आग होऊ लागली, त्वचा चकाकू लागली, तर वरचं आवरण दुखावलं आहे असं समजावं. मग औषध पूर्ण बंद, आणि आग थांबून त्वचा सावरल्यावर पुन्हा आठवड्यातून एका रात्रीपासून सुरुवात. हे सोसत राहणं आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला जास्त महागात पडतं, कारण जिथे दाह होतो तिथे नवा काळा डाग उमटतो. ज्या डागांसाठी औषध आणलं, तेच वाढवून ठेवायचे!

मुरमांचा निकाल बारा आठवड्यांनी पाहायचा, रेषांचा सहा महिन्यांच्या आत नाही. मध्ये दिवाळी येते. पार्लरमध्ये वरच्या ओठाला वॅक्स केलं तर नाजूक झालेली कातडी मेणाबरोबर सोलून निघू शकते, तेव्हा वॅक्स आणि ब्लीच दोन्ही टाळलेलं बरं. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत तिने पुन्हा आठवड्यातून तीन रात्रींवर यावं. त्यात कमीपणा काही नाही.

एक धोका मात्र आपल्याकडचा खास. काउंटरवर ‘डागांचं क्रीम’ मागितलं की कधीकधी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं मिश्रण हातात पडतं. मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून लोक ते महिनोन्‌महिने लावतात आणि शेजारणीलाही सुचवतात. मग त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसतात, क्रीम सोडलं की पुरळ आणि आग उसळते. तेव्हा ट्यूबवर घटक म्हणून ट्रेटिनॉइन एवढंच नाव आहे ना, हे विकत घेतानाच वाचावं.

आणि गरोदरपण. ट्रेटिनॉइनच्या कुळातली पोटात घ्यायची औषधं बाळाला गंभीर व्यंग आणू शकतात. त्वचेतून रक्तात जाणारा अंश फार कमी असला, तरी डॉक्टर या काळात तिन्ही बंद ठेवायला सांगतात, दुकानातलं साधं रेटिनॉलसुद्धा. मूल हवं असं ठरलं की ट्यूब तेव्हाच बाजूला ठेवायची, आणि मुरमांसाठी दुसरं काय चालेल ते डॉक्टरांना विचारायचं. ॲझेलेइक आम्ल हा त्यांच्याकडचा नेहमीचा पर्याय आहे.