बँकेतले सगळे पैसे आपले नसतात

स्टार्टअपमध्ये पैसे घातलेल्यांना संस्थापकाने महिना उलटल्यावर आठ-दहा दिवसांत एक मेल पाठवायचा, अशी रीत आहे. अनेकदा भागधारकांच्या करारातच तसं कलम असतं. धंदा तेजीत असला की हा मेल एक तारखेलाच येतो. महिना वाईट गेला की मात्र पंधरा तारीख उजाडते, नाही तर मेल येतच नाही. मुरलेला गुंतवणूकदार उशिरावरूनच निम्मं ओळखतो.

वाईट महिन्याचा प्रामाणिक मेल कसा असतो, हे एका कल्पित उदाहरणातून पाहू. पुण्यातली एक कंपनी पॅथॉलॉजी लॅबना सॉफ्टवेअर पुरवते आणि दरमहा वर्गणी घेते. ऑगस्टअखेर ही वर्गणी महिन्याला १८ लाख होती. सप्टेंबरात नव्या लॅबकडून १ लाख १० हजारांची भर पडली, जुन्यांनी २० हजारांनी वाढवली, पण २ लाख ३० हजारांची वर्गणी गेली. उरले १७ लाख.

इथे मोह होतो. ‘वर्षभरात एवढ्या लॅब जोडल्या’ असा एकूण आकडा द्यावा, किंवा ज्यांची फक्त तोंडी हो आहे त्यांचीही रक्कम धरावी. त्यावर जुना उपाय असा, की दर महिन्याला तेच चार-पाच आकडे, त्याच क्रमाने, मागच्या महिन्याच्या आकड्याशेजारी लिहायचे. एखादा नेहमीचा आकडा गुपचूप गळला, तर वाचणारा आधी तोच शोधतो.

मग कारण. गेलेल्या २ लाख ३० हजारांपैकी १ लाख ६० हजार एकाच साखळीचे होते. ती साखळी एका मोठ्या समूहाने विकत घेतली आणि त्या समूहाचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे. हे सांगायला सोपं, कारण त्यात कुणाची चूक नाही. बरेच संस्थापक इथेच थांबतात. पण खरी काळजी उरलेल्या ७० हजारांची आहे. आठ लहान लॅब सोडून गेल्या. संस्थापकाने आठही जणांना फोन केला, तेव्हा पाच जणांनी एकच तक्रार सांगितली: रिपोर्ट अडकला की तुमच्याकडून दोन दिवस उत्तर येत नाही. जुलैमध्ये खर्च कमी करायला ग्राहक-मदतीची दोन माणसं काढली होती. त्यांच्या पगाराचे महिन्याला ७० हजार वाचले. या पाच लॅबची वर्गणी ४५ हजार होती. असा आणखी एक महिना गेला, की दरमहा बुडणारी रक्कम वाचलेल्या पगाराच्या पुढे जाईल. मेलमध्ये हा परिच्छेद ‘तो निर्णय माझा होता’ या वाक्यासकट हवा. माझ्या मते सगळा मेल त्यावर उभा असतो, कारण साखळी गेली ती एकदाच गेली. लहान लॅब दर महिन्याला जाऊ शकतात.

यानंतर पैसा किती दिवस पुरेल, म्हणजे रनवे. बँकेत २ कोटी ४ लाख आहेत. सप्टेंबरात प्रत्यक्ष वसुली १५ लाख आणि खर्च ३९ लाख, म्हणजे २४ लाखांची तूट. गेल्या तिमाहीची सरासरी तूट १७ लाख होती. ती धरली तर रनवे बारा महिने दिसतो, आणि तो आकडा खोटा आहे असंही कुणाला म्हणता येणार नाही. पण बँकेतल्या रकमेत ग्राहकांकडून घेतलेला जीएसटी आणि पगारांतून कापलेला टीडीएस मिळून १२ लाख आहेत, ते सरकारचे. उरतात १ कोटी ९२ लाख. त्यांना ताज्या तुटीने, २४ लाखांनी, भागलं की आठ महिने. पुढची गुंतवणूक उभी करायला सहा महिने सहज जातात. त्यामुळे बारा महिने असतील तर थोडं थांबून बघता येतं, आठ असतील तर ठरवायचं ते याच आठवड्यात.

संस्थापकाने ठरवलेलं असं: विक्रीची नवी भरती रद्द, कार्यालयाची अर्धी जागा सोडायची, मदतीला एक माणूस परत घ्यायचा. खर्च ३४ लाखांवर येईल, तूट १९ लाखांवर, आणि रनवे दहा महिन्यांचा. त्याच ओळीत एक अटही लिहायची, की वसुली १५ लाखांखाली गेली तर हे गणित मोडेल.

शेवटी मागणी. ‘काही मदत करता आली तर सांगा’ या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. ‘नाशिक किंवा कोल्हापुरातल्या दहा-वीस शाखांच्या लॅबमालकाशी गाठ घालून द्याल का?’ याला मिळतं. मेल पुढे पाठवला जातो हे गृहीत धरून ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची नावं वगळायची. आणि सर्वांत मोठ्या गुंतवणूकदाराला मेलच्या आदल्या दिवशी फोन करायचा. अशी बातमी त्याने इतर चौघांबरोबर इनबॉक्समध्ये वाचू नये.

पुढच्या महिन्यात सगळे आधी एकच ओळ शोधतील: लहान लॅब किती गेल्या.