रेडिएशन चालू असताना डोकं धुवायचं का?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला, "आईच्या डोक्याला रेडिएशन चालू आहे, शेजारच्या काकू म्हणतात डोक्याला पाणी लावू नका. खरं काय?" हा प्रश्न माझ्या घरातही आला होता, म्हणून आजचा भाग त्यावरच.

माझ्या मावशीच्या मेंदूत उजव्या बाजूला गाठ होती. ऑपरेशन झालं, टाके भरले आणि मग रेडिएशन सुरू झालं. एकूण ३० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. रोज चेहऱ्यावर तो जाळीचा मास्क लावून पडायचं, दहा-पंधरा मिनिटांत घरी. किरण दिसत नाहीत, दुखत नाही. त्यामुळे पहिले दोन आठवडे मावशी म्हणायची, "काही होत नाही गं मला."

तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसायला लागले. असं का होतं? केसाच्या मुळाशी ज्या पेशी केस तयार करतात, त्या शरीरातल्या सगळ्यात भराभर वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत, आणि रेडिएशन नेमकं अशाच पेशींना थांबवतं. मुळाशी काम थांबलं की वरचा केस सुटतो, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात. आणि केस सगळ्या डोक्यावरचे जात नाहीत. किरण जिथून आत शिरतो आणि जिथून बाहेर पडतो, तिथलेच जातात. मावशीच्या उजव्या बाजूला मोठा पट्टा गेला, पण डाव्या कानाच्या वरही रुपयाच्या नाण्याएवढी जागा मोकळी झाली. आम्ही घाबरलो, पण ती फक्त किरण बाहेर पडायची जागा होती.

आता धुण्याबद्दल. पूर्वी खरंच सांगायचे की पाणी लावू नका. पण ज्यांनी डोकं धुतलं आणि ज्यांनी नाही धुतलं अशा पेशंटची तुलना झाली, तेव्हा धुण्यामुळे त्वचा जास्त बिघडते असं काही दिसलं नाही. उलट घाम आणि तेल साचून राहिलं की खाज वाढते. म्हणून आज साधारण सल्ला असा, की धुवा, पण हळू. टाके पूर्ण भरलेत ना, एवढं मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आमची पद्धत सांगतो. पाणी कोमट, हाताला गरम लागणार नाही इतपत. लहान बाळाचा शाम्पू थोडासा, तोही मगमध्ये पाण्यात मिसळून. नखं नाही, बोटांची पेरं वापरायची, आणि घासायचं नाही. भरपूर पाण्यानं धुवायचं आणि सुती टॉवेल नुसता टेकवून टिपायचं. हेअर ड्रायर बंद. शिकेकाईची भरड, मेंदी, डाय, हळदीचा लेप, सगळं बंद, कारण ही त्वचा आधीच भाजल्यासारखी नाजूक झालेली असते. तेलाची चंपीही नाही. डोकं कोरडं पडलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं बिनवासाचं क्रीम पातळ लावायचं, पण सिटिंगला जायच्या आधी जाड थर नको. उरलेले केस त्रास देत असतील तर ट्रिमर चालतो, रेझर नको, बारीक कापलं तरी जखम होते. उन्हात सुती स्कार्फ हवाच.

एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. शेवटचं सिटिंग झालं आणि पेढे वाटले, त्यानंतरच्या आठवड्यात डोकं सगळ्यात जास्त लाल झालं! आता रेडिएशन नाही, मग हे काय? तर त्वचेवरचा परिणाम मागून येतो, संपल्यावर आठ-पंधरा दिवस वाढतो आणि मग उतरतो. लाली, कोरडेपणा, पापुद्रे हे अपेक्षित आहे. पण फोड आले, त्वचा ओली होऊन पाणी सुटलं, पू दिसला किंवा ताप आला, तर थांबू नका, त्याच दिवशी रेडिएशन विभागात दाखवा. कानामागची घडी रोज बघा, ती पेशंटला स्वतःला दिसत नाही.

आणि केस? मावशीला तिसऱ्या महिन्यात बारीक लव दिसली. सहाव्या महिन्यापर्यंत बोटभर केस आले, पण पोत बदलला. आधी सरळ होते, आता थोडे कुरळे आणि जास्त पांढरे. टाक्यांजवळ अंगठ्याएवढी जागा मात्र रिकामीच राहिली. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं की तिथे डोस जास्त होता. मुळाशी पोचलेला डोस कमी असेल तर केस परत येतात, साधारण ४० ग्रेच्या पुढे गेला तर कायमचे विरळ राहण्याची शक्यता बरीच वाढते. गाठीला मिळालेला डोस आणि केसांच्या मुळांना मिळालेला डोस हे दोन वेगळे आकडे आहेत. म्हणून "केस येतील का?" असं न विचारता "टाळूच्या कुठल्या भागाला जास्त डोस जाणार आहे?" असं विचारा, तेही सिटिंग सुरू व्हायच्या आधी. उत्तर प्लॅनमध्ये असतं.

मावशी आता भांग डावीकडून पाडते, ती जागा झाकली जाते. आणि हो, रविवारी डोकं धुते, बाळाच्याच शाम्पूनं. सवय लागली म्हणते.

भेटू पुढच्या भागात!