ऑड्स गुणोत्तर

रुग्ण-नियंत्रण अभ्यासात रोग आणि संशयित कारण यांचा संबंध किती दृढ आहे, हे दर्शविणारे गुणोत्तर. एखादी घटना घडण्याचे तिच्या न घडण्याशी जे प्रमाण असते, त्यास ऑड्स म्हणतात. शंभरांपैकी पन्नास जणांना रोग झाला, तर जोखीम ५० टक्के, परंतु ऑड्स १ असतो. दोन गटांतील जोखमींच्या भागाकारास सापेक्ष जोखीम व ऑड्सच्या भागाकारास ऑड्स गुणोत्तर म्हणतात. या दोहोंची गल्लत वैद्यकीय लेखनात वारंवार आढळते.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इ. गावांमध्ये डिसेंबर २०२४–जानेवारी २०२५ मध्ये अनेकांचे केस अल्पावधीत गळून पडले. आरंभी पाण्यातील नायट्रेट व कवकसंसर्ग यांवर संशय होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने तेथे पाहणी केली. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी २०२५ मध्ये शिधावाटपातील गव्हाच्या सेलेनियमाकडे लक्ष वेधले. अशा प्रसंगी रुग्ण व निरोगी व्यक्ती निवडून त्यांच्या पूर्वीच्या आहाराची तुलना करणे, हा सहज सुचणारा मार्ग होय. पुढील आकडे मात्र केवळ विवेचनासाठी कल्पिलेले आहेत.

एका गावात १,००० लोक आहेत. त्यांपैकी ४०० जणांनी संशयित गहू खाल्ला व त्यांतील २०० जणांचे केस गळले. उरलेल्या ६०० पैकी ६० जणांचे गळले. जोखीम अनुक्रमे ५० व १० टक्के, म्हणून सापेक्ष जोखीम ५. ऑड्स अनुक्रमे २००:२०० व ६०:५४०, म्हणजे १ व एक-नवमांश. म्हणून ऑड्स गुणोत्तर ९.

संशोधकाला संपूर्ण गावाची माहिती नसते. त्याने १३० रुग्ण घेतले, त्यांत १०० गहू खाणारे व ३० न खाणारे निघाले. निरोग्यांपैकी १८५ घेतले, त्यांत ५० खाणारे व १३५ न खाणारे निघाले. येथे खाणाऱ्या १५० पैकी १०० आजारी, म्हणून जोखीम ६७ टक्के, असे म्हणण्याचा मोह होतो; न खाणाऱ्यांत ती १८ टक्के व गुणोत्तर सु. ३.७ येते. परंतु संशोधकाने निरोगी व्यक्ती १८५ ऐवजी ७४ (२० खाणारे, ५४ न खाणारे) घेतल्या असत्या, तर हेच गुणोत्तर सु. २.३ आले असते. निरोगी किती निवडावयाचे हे संशोधक ठरवितो. त्यामुळे या जोखमीला अर्थच उरत नाही. ऑड्स गुणोत्तर मात्र दोन्ही वेळा ९ येते : (१०० × १३५) ÷ (३० × ५०) किंवा (१०० × ५४) ÷ (३० × २०). या अभ्यासपद्धतीत त्याचा वापर होतो, तो याच गुणामुळे.

तथापि ‘गहू खाणाऱ्यांना धोका नऊपट’ हे विधान चुकीचे ठरते. धोका पाचपट आहे. रोग विरळ असता ही तफावत मावळते, हे जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९५१ मध्ये दाखविले. हजारी ५ व हजारी १ अशा जोखमी असल्यास सापेक्ष जोखीम ५ व ऑड्स गुणोत्तर ५.०२ येते. तंबाखू व मुख-घशाचे कर्करोग यांसंबंधी संघवी, राव व खानोलकर यांनी मुंबईत केलेल्या अभ्यासासारख्या (१९५५) संशोधनात ही सवलत घेता येते, कारण कर्करोग लोकसंख्येच्या मानाने विरळ असतो. शेगावसारख्या उद्रेकात ती गृहीत धरणे धोक्याचे. तालुक्याच्या एकूण लोकसंख्येत रुग्ण थोडे असले, तरी बाधित गावातील वा कुटुंबातील प्रमाण मोठे असू शकते, आणि तुलना ज्या समूहात केली त्यातीलच प्रमाण येथे निर्णायक असते.

नियंत्रण गट कोठून निवडला, यावरही अर्थ बदलतो. वरील गावात आजारी-निरोगी असा भेद न करता सर्व रहिवाशांतून २५० जण घेतले, तर त्यांत १०० खाणारे व १५० न खाणारे येतील. तेव्हा (१०० × १५०) ÷ (३० × १००) हे उत्तर ५, म्हणजे थेट सापेक्ष जोखीमच होय. म्हणून अहवाल वाचताना गुणोत्तरापूर्वी नियंत्रण गटाची व्याख्या पाहावी. बरेच अहवाल ती एका ओळीत उरकतात, हे खेदाचे आहे.

निरोगी व्यक्तींतूनच निवड झाली असल्यास रूपांतरासाठी बाहेरील माहिती लागते. घरोघर पाहणीतून न खाणाऱ्यांतील जोखीम (येथे ०.१) कळली, तर ऑड्स गुणोत्तराला (१ − ०.१ + ०.१ × ९), म्हणजे १.८ ने भागावे. उत्तर ५ येते. वय, लिंग इत्यादींसाठी समायोजित केलेल्या गुणोत्तरावर हे सूत्र लावल्यास उत्तर केवळ अदमासे असते. शिवाय गावातील जवळजवळ सर्वच घरे एकच गहू खात असतील, तर न खाणाऱ्यांचा गट उरत नाही व कोणतेही गुणोत्तर विश्वसनीयपणे काढता येत नाही. अशा वेळी सेवनाचे प्रमाण किंवा रक्त व केस यांतील सेलेनियमाचे मापन यांचा आधार घ्यावा लागतो.